एक एमईव्हीची रेघ: दाबपात्राच्या पोलादाला बसलेला न्यूट्रॉनचा मार मोजायचा कसा?

अणुभट्टीचं दाबपात्र, म्हणजे इंधनाचा गाभा आणि तापलेलं पाणी सामावणारं पोलादी भांडं, किती ठिसूळ झालं, या प्रश्नावरचा वाद थोड्याच वेळात दोन आकड्यांवर येतो. पहिला फ्लुएन्सचा, म्हणजे पोलादाच्या एका चौरस सेंटीमीटरमधून आजवर किती न्यूट्रॉन गेले. दुसरा डीपीएचा, म्हणजे त्या न्यूट्रॉनांनी प्रत्येक लोहअणूला त्याच्या जागेवरून सरासरी किती वेळा उठवलं. वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते एक नाहीत. परवान्यांच्या कागदपत्रांत पहिला राज्य करतो आणि भौतिकशास्त्र दुसऱ्याच्या बाजूने आहे. मग त्यांची आजची विचित्र भागीदारी ठरली कशी, हे या टिपणात पाहायचं आहे. साठ वर्षांचा परवाना असलेल्या भट्ट्यांना ऐंशी वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची प्रकरणं आली की याच भागीदारीवर बोट ठेवलं जातं.

अगदी जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. वेगवान न्यूट्रॉन स्फटिकातले अणू हलवतील, हे पहिल्या भट्ट्या बांधणाऱ्यांना 1940च्या दशकातच कळलं होतं. त्यांची काळजी तेव्हा ग्राफाइटची होती. 1955 साली एका न्यूट्रॉनच्या धक्क्याने किती अणू हलतात याचा सोपा हिशेब प्रसिद्ध झाला, आणि 1975 साली त्याचं सुधारलेलं रूप आलं. डीपीए आजही त्याच रूपाने मोजतात. लोखंडासाठी त्या हिशेबात एक अणू कायमचा जागेवरून हलवायला 40 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते असं धरलं आहे. 1 एमईव्हीचा, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन लोहअणूला समोरासमोर धडकला तर अणूला जास्तीत जास्त 70 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. तो अणू शेजाऱ्यांना ढकलतो, शेजारी आणखी शेजाऱ्यांना, आणि सेकंदाच्या लाखो-कोट्यंशातही न मोजता येणाऱ्या अवधीत काही शे अणू जागा सोडतात. त्यातले बरेचसे लगेच कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत परत बसतात. जुन्या हिशेबाने हलले म्हणून मोजलेल्या अणूंपैकी जेमतेम एक तृतीयांशच खरोखर जागा चुकलेले उरतात. अलीकडे, 2018च्या सुमारास, हे लक्षात घेणारी डीपीएची दुरुस्त व्याख्याही सुचवली गेली. नियमांत ती अजून आलेली नाही.

एका नेहमीच्या दाबयुक्त पाण्याच्या भट्टीचा हिशेब करून पाहू. दाबपात्राची भिंत 20 सेंटीमीटरच्या आसपास जाड, आतलं पाणी 290 अंश सेल्सिअसच्या जवळपास, दाब वातावरणाच्या दीडशेपट. चाळीस वर्षांत भट्टी 80 टक्के क्षमतेने चालली, तर पूर्ण शक्तीची 32 वर्षं भरतात, म्हणजे साधारण 100 कोटी सेकंद. तेवढ्यात भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर प्रति चौरस सेंटीमीटर 2×10¹⁹ न्यूट्रॉन पडले असं धरू. हा आकडा अशा भट्ट्यांच्या नेहमीच्या टप्प्यातलाच आहे. डीपीएत तो 0.03 भरतो: शंभरातले तीन अणू, तेही सबंध आयुष्यात एकदा. या गतीने प्रत्येक अणूची पाळी सरासरी हजार वर्षांनी येईल. त्याच भट्टीत गाभ्याला चिकटलेले स्टेनलेस स्टीलचे आतले भाग याच काळात दहा-वीस डीपीए सहज ओलांडतात आणि तरीही वापरात राहतात. मग 0.03 डीपीएने भिंतीचं पोलाद शंभर अंशांनी ठिसूळ होतं, असं कसं?

खरं नुकसान हललेल्या अणूंच्या संख्येत नसतं, ते हलल्यामुळे पुढे जे घडतं त्यात असतं. रिकाम्या जागा वाढल्या की पोलादात विरघळलेल्या तांब्याच्या अणूंना हिंडायला वाट मिळते. 290 अंशांना तांबं एरवी वर्षानुवर्षं जागच्या जागी अडकून राहिलं असतं. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ते गोळा होऊन दोन-तीन नॅनोमीटरचे पुंजके बनवतं. पोलाद वाकताना त्याच्या स्फटिकातली डिसलोकेशनं, म्हणजे अणूंच्या रांगांतल्या तुटी, सरकतात, आणि हे पुंजके त्यांची वाट अडवतात. पोलाद कडक होतं. ज्या तापमानाखाली ते न ताणता तडकतं, ते तापमान वर सरकतं. मोजताना लंबकाच्या चार्पी चाचणीत नमुना 41 ज्यूल ऊर्जा शोषतो ते तापमान किती वर गेलं, हे पाहतात. तोच संक्रमण तापमानाचा फरक. पुढचा सगळा वाद याच फरकाभोवती फिरतो.

तांब्याची भूमिका 1960च्या दशकाअखेर उघड झाली. त्याआधी वेल्डिंगच्या तारांवर गंज चढू नये आणि विद्युतसंपर्क चांगला राहावा म्हणून तांब्याचा मुलामा देत. तो वितळून जोडात उतरे, आणि 0.3 टक्क्यांपर्यंत तांबं असलेल्या जोडांची पात्रं कारखान्यातून बाहेर पडली. 1970च्या दशकात मर्यादा आल्या. तोवर जी पात्रं बसली होती ती बसली होती. तारेचं रीळ बदललं की तांब्याचं प्रमाणही बदले, त्यामुळे एकाच जोडातही ते सारखं नसे. अमेरिकेत मिडलंडमधल्या एका न वापरलेल्या दाबपात्राचा जोड पुढे कापून तपासला, तेव्हा त्याच जोडात 0.21 पासून 0.34 टक्क्यांपर्यंत तांबं सापडलं. नोंदवहीत मात्र अशा जोडासाठी एकच आकडा असे. ठिसूळपणाच्या भाकितातली बरीचशी अनिश्चितता अशा आकड्यांतून आली आहे, न्यूट्रॉनांच्या मोजणीतून नाही, हे इथेच सांगून ठेवतो. कारण पुढे मोजणीवर मी बरंच लिहिणार आहे.

मोजणी कशी होते? भट्टी चालू करताना भिंतीच्या आतल्या बाजूला, गाभ्याच्या थोडं जवळ, स्टीलच्या कॅप्सूल टांगतात. त्यांत त्याच पोलादाचे आणि जोडाचे चार्पी नमुने असतात, सोबत लोखंड, तांबं, निकेल, नायोबियम अशा धातूंच्या बारीक तारा. गाभ्याच्या जवळ असल्यामुळे कॅप्सूलला भिंतीपेक्षा दीड ते तीनपट, कधी त्याहूनही जास्त वेगाने न्यूट्रॉन मिळतात. म्हणून ती भिंतीचं भविष्य आधी दाखवते. काही वर्षांनी एक कॅप्सूल काढून नमुने मोडतात आणि तारांची किरणोत्सारिता मोजतात. लोखंडाच्या तारेत बनणारं मँगनीज-54 312 दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे त्यातून शेवटच्या एक-दोन वर्षांचीच गोष्ट नीट कळते. नायोबियमचं समस्थानिक सोळा वर्षांत निम्मं होतं, म्हणून दीर्घकाळासाठी तेच सोयीचं. या मोजण्यांवरून न्यूट्रॉनांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन, हे गणिताने उभं करतात. आणि मग त्यातले 1 एमईव्हीच्या वरचे तेवढे मोजतात.

1 एमईव्हीच का? लोखंडात त्या ऊर्जेला विशेष काही घडत नाही. 40 इलेक्ट्रॉनव्होल्टचा हिशेब उलटा केला तर सुमारे 600 इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉनही अणू हलवू शकतो, म्हणजे रेघेच्या हजारपटीहून खालचा. अगदी मंद न्यूट्रॉन लोहअणूत शोषला गेला, तरी गॅमा किरण बाहेर फेकताना बसणाऱ्या धक्क्याने तो अणू हलू शकतो. रेघ 1 एमईव्हीला पडली ती सोयीने. सुरुवातीला वापरात असलेली लोखंडाची तार फक्त काही एमईव्हीच्या वरचेच न्यूट्रॉन पाहू शकत होती. खालचं सगळं विखंडनाचा ठराविक वर्णपट गृहीत धरून भरलं जाई. जितकं खाली जावं तितकं गृहीतक जास्त आणि मोजमाप कमी. 1 एमईव्हीला थांबणं हा शहाणपणाचा तोडगा होता. पण रशियन बनावटीच्या भट्ट्यांत हीच रेघ 0.5 एमईव्हीला आहे. त्यामुळे तिथला फ्लुएन्स आणि पश्चिमेतला फ्लुएन्स शेजारी ठेवून तुलना करू नये. एकाच भिंतीचा 0.5च्या वरचा आकडा 1च्या वरच्या आकड्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट येतो. 1990च्या दशकातल्या पूर्व युरोपीय भट्ट्यांवरच्या लेखांत ही चूक किती तरी वेळा झालेली दिसते.

आता या टिपणाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. 1970च्या दशकात अमेरिकी नियामकाने ठिसूळपणाचा अंदाज काढायची मार्गदर्शिका आणली. 1977च्या आवृत्तीत तांबं आणि फॉस्फरस हे दोन घटक होते. मे 1988 मध्ये आलेल्या दुसऱ्या सुधारणेने फॉस्फरस काढून निकेल घातलं. कॅप्सूलांतून तोवर आलेल्या पावणेदोनशेच्या आसपास निष्कर्षांवर तिचं सूत्र बसवलं होतं. ती सुधारणा आजही लागू आहे, आणि जगभरच्या अनेक नियमावल्यांनी तिचा आधार घेतला. तिच्या गाभ्याशी दोनच ओळी आहेत:

```
ΔRT = CF × f^(0.28 − 0.10 log f)
f(x) = f0 × e^(−0.24x)
```

पहिल्या ओळीत `ΔRT` म्हणजे संक्रमण तापमानातली वाढ, आणि `f` म्हणजे 1 एमईव्हीच्या वरचा फ्लुएन्स, 10¹⁹ या एककात. `CF` तांबं-निकेलच्या कोष्टकातून येतो. दुसऱ्या ओळीत `f0` हा भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावरचा फ्लुएन्स आणि `x` ही त्या पृष्ठभागापासूनची खोली, इंचांत. खोल गेल्यावर न्यूट्रॉन किती कमी होतात हे ती सांगते, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण 0.24 हा आकडा 1 एमईव्हीच्या वरच्या न्यूट्रॉनांचा नाही. तो डीपीए खोलीनुसार कसा घटतो, त्याचा आहे.

हे दोन वेगळे का घटतात याचं कारण लोहअणूच्या केंद्रकात आहे. लोखंडाच्या मुख्य समस्थानिकाची पहिली उत्तेजित पातळी 0.847 एमईव्हीला आहे. त्याहून थोडा वेगवान न्यूट्रॉन आला की केंद्रकाला त्या पातळीवर चढवून स्वतः बरीच ऊर्जा गमावतो. तो भिंतीतून नाहीसा होत नाही. रेघेच्या वर असलेला न्यूट्रॉन रेघेखाली येतो, इतकंच. त्यामुळे भिंतीत जितकं खोल जावं तितके 1 एमईव्हीच्या वरचे न्यूट्रॉन झपाट्याने कमी होतात, आणि 0.1 ते 1 एमईव्हीच्या दरम्यान त्यांची दाटी होते. खालचे हे न्यूट्रॉन अणू हलवतच असतात, पण फ्लुएन्सच्या हिशेबात त्यांना शून्य किंमत आहे.

म्हणून 1988 साली असं ठरलं: पृष्ठभागावर फ्लुएन्स मोजा, पण आत शिरताना त्याला डीपीएच्या गतीने कमी करा. सूत्राचं नाव फ्लुएन्सचंच राहिलं, आतलं वळण डीपीएचं. या तडजोडीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. डीपीए खरं असेल तर सगळीकडेच वापरा, आणि नसेल तर भिंतीच्या आत तरी का वापरता, हा साधा प्रश्न. त्याला दिलं जाणारं उत्तर हिशेबाचं आहे. कॅप्सूलांच्या जागी सगळ्या भट्ट्यांचे वर्णपट एकमेकांसारखे असतात, त्यामुळे तिथे 1×10¹⁹ फ्लुएन्स म्हणजे साधारण 0.015 डीपीए, असा जवळजवळ ठराविक भाव बसतो. सगळे बिंदू डीपीएत बदलले तरी आलेखावरचा विखुरलेपणा तसूभरही कमी होत नाही. शिवाय हजारो पानांची परवाना-कागदपत्रं फ्लुएन्सच्या भाषेत आहेत. माझ्या मते हे उत्तर कॅप्सूलपुरतं बरोबर आहे आणि भिंतीपुरतं अपुरं. पण त्याला व्यवहारात तोड नाही, हेही खरं.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. भिंत 8 इंच जाड, आतल्या पृष्ठभागावर `f` = 2, आणि हिशेबाच्या सोयीसाठी `CF` 100 अंश सेल्सिअस. पृष्ठभागावर संक्रमण तापमान 119 अंशांनी वर जातं. एक चतुर्थांश खोलीला, म्हणजे 2 इंचांवर, `f` 1.24 होतो आणि वाढ 106 अंश. तीन चतुर्थांशांवर, 6 इंचांत, `f` 0.47 आणि वाढ 79 अंश. भट्टी तापवताना आणि थंड करताना किती दाब चालेल, याच्या मर्यादा नेमक्या याच दोन खोल्यांवरून ठरतात. 1 एमईव्हीच्या वरच्या न्यूट्रॉनांचीच घट वापरली असती तर 6 इंचांवरचा आकडा आणखी खाली आला असता आणि चालवणाऱ्यांना थोडी मोकळीक मिळाली असती. डीपीएने ती काढून घेतली. याच आकड्यांतून आणखी एक दिसतं: न्यूट्रॉन चौपटीहून कमी झाले तरी ठिसूळपणा एक तृतीयांशानेच घटला. पहिला मार मोठा, पुढचे लहान. तांबं संपत आलं की नवे पुंजके बनायला काही उरत नाही.

तेच सूत्र `f` = 25 च्या पुढे नेलं तर उत्तर चक्क खाली येऊ लागतं, जणू जास्त न्यूट्रॉनांनी पोलाद सुधारतं. सूत्राचा तो भाग कुणी वापरायचा नव्हताच. पण घातांकात लॉगॅरिथम घालून आकार बसवला की टोकाला काय होतं, याचा तो नमुना आहे. भौतिकशास्त्रातून न काढता आकड्यांवर बसवलेली ही वक्ररेषा आहे, आणि आकडे संपले की तिचा भरवसाही संपतो.

डीपीएची बाजू सर्वांत जोरात मांडली गेली ती मात्र वीजकेंद्रात नाही. अमेरिकेतल्या ओक रिजच्या एका उच्च-प्रवाह संशोधन भट्टीत 1986 च्या नोव्हेंबरात नमुने तपासले, तर दाबपात्र अपेक्षेहून कितीतरी अधिक ठिसूळ झालेलं आढळलं. भट्टी बंद केली गेली, आणि पुढे 100 ऐवजी 85 मेगावॅटवर चालवली गेली. त्या पात्राचं तापमान पन्नास अंशांच्या आसपास, फ्लुएन्स अगदी कमी. त्याच तापमानाला दुसऱ्या भट्टीत तपासलेल्या पोलादाच्या आलेखावर ठेवल्यास हे नमुने कुठेच बसत नव्हते. पहिलं स्पष्टीकरण धास्ती वाढवणारं होतं: मंद गतीने, वर्षानुवर्षं मिळालेले न्यूट्रॉन झटपट मिळालेल्यांपेक्षा जास्त घातक असतात. तसं असतं तर वीजकेंद्रांतले थंड आधार-सांगाडे आणि न्यूट्रॉन-ढाल टाक्या धोक्यात होत्या, आणि त्यांची चौकशी सुरूही झाली.

काही वर्षांनी उलगडा झाला तो भलताच निघाला. त्या भट्टीच्या गाभ्याभोवती बेरिलियमचा जाड परावर्तक आणि पलीकडे पाण्याचा रुंद पट्टा आहे. दोन्ही मिळून न्यूट्रॉन अडवतात, पण गॅमा किरणांना तितकं अडवत नाहीत. पात्रापर्यंत पोहोचणारे गॅमा पोलादातल्या इलेक्ट्रॉनांना उडवतात. अर्धा-पाऊण एमईव्हीचा इलेक्ट्रॉन एखाद-दुसरा लोहअणू हलवू शकतो. शिवाय असा एकटा हललेला अणू आपल्या रिकाम्या जागेपासून दूर पडतो, न्यूट्रॉनच्या धक्क्यातल्या गर्दीसारखा लगेच परत बसत नाही. त्या पात्रात न्यूट्रॉनांपेक्षा गॅमांनीच जास्त अणू हलवले होते. गॅमांचे धरून डीपीए काढले तेव्हा बिंदू इतरांच्या रांगेत येऊन बसले. 1 एमईव्हीच्या वरच्या न्यूट्रॉनांच्या मोजणीत हे कधीच दिसलं नसतं, कारण दोष न्यूट्रॉनांचा नव्हताच.

व्यापारी दाबयुक्त भट्टीत गॅमांचा वाटा नगण्य असतो, हेही लगोलग तपासलं गेलं. तिथे गाभा आणि भिंत यांच्यातलं पाणी कमी आहे, न्यूट्रॉन भरपूर पोहोचतात. उकळत्या पाण्याच्या भट्टीत पाण्याचा पट्टा रुंद, त्यामुळे वाटा थोडा वाढतो, पण तिथे एकूण मारच कमी. मंद गतीच्या भीतीचं मूळ तेव्हापुरतं निघालं. संपूर्ण गेली मात्र नाही, कारण प्रायोगिक भट्टीत दहा दिवसांत दिलेला मार आणि भिंतीवर तीस वर्षांत झिरपलेला मार यांचा परिणाम सारखा असतो का, हा प्रश्न त्या घटनेपेक्षा मोठा आहे. भिंतीवर सेकंदाला प्रति चौरस सेंटीमीटर 2×10¹⁰ न्यूट्रॉन पडत असतील तर प्रायोगिक भट्टीत शंभर-हजारपट. तांब्याला हिंडायला वेळ हवा असतो. गती वाढवली की कधी पुंजके उशिरा येतात, कधी एरवी न दिसणारे दोष टिकून राहतात. डीपीए गतीबद्दल काही सांगत नाही, हा त्याचा खरा उणेपणा.

वीजकेंद्रांच्या बाजूला याच सुमारास वेगळीच धावपळ चालू होती. मार्च 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या रँचो सेको केंद्रात नियंत्रण-पॅनेलमधला दिवा बदलताना तो हातातून निसटला, शॉर्टसर्किट झालं, आणि तासाभरात भट्टीचं पाणी दीडशे-पावणेदोनशे अंश सेल्सिअसने थंड झालं, दाब चढलेलाच. ठिसूळ भिंतीला बाहेरून गरम, आतून थंड आणि वर पूर्ण दाब अशी अवस्था आली तर काय, यावर नियम आला 1985 मध्ये. पत्रे आणि उभ्या जोडांसाठी संक्रमण तापमानाची चाळणी 132 अंश सेल्सिअस, आडव्या जोडांसाठी 149. त्या रेषेच्या जवळ आलेल्या केंद्रांनी जळलेलं इंधन गाभ्याच्या कडेला हलवून भिंतीवरचा मारा घटवला.

मॅसॅच्युसेट्समधल्या यांकी रो केंद्राला ते पुरलं नाही. 1961 पासून वीज देणारं हे केंद्र मुदतवाढीच्या वाटेवरचं पहिलं उदाहरण ठरणार होतं. कागद उघडले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. नमुना-कॅप्सूलांचा कार्यक्रम सुरुवातीच्या वर्षांतच बंद पडला होता, आणि जोडातल्या तांब्याचं प्रमाण कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यातून भिंत इतरांपेक्षा थंड, 260 अंशांच्या आसपास. थंड पोलाद जास्त ठिसूळ होतं: भिंत एक अंशाने थंड असेल तर संक्रमण तापमानात साधारण एका अंशाची भर पडते. इथे फ्लुएन्स बराच ठीक माहीत होता. कितीही बारकाईने न्यूट्रॉन मोजले असते, डीपीएत किंवा फ्लुएन्समध्ये, तरी उत्तर मिळालं नसतं. 1991 मध्ये भट्टी थांबवली आणि पुढच्या वर्षी ती कायमची बंद ठरली.

याउलट रशियन बनावटीच्या जुन्या भट्ट्यांत पात्र अरुंद, गाभ्याला जवळ, मार भरपूर. तिथे 1987 पासून पात्राचा गाभ्यालगतचा पट्टा विद्युत तापकांनी 475 अंशांना शंभर-दीडशे तास तापवून ठेवला गेला. पुंजके विरघळतात किंवा जाड होऊन निरुपद्रवी बनतात, आणि पोलाद जवळजवळ नवं होतं. अमेरिकेत हे व्यापारी भट्टीवर कधी केलं गेलं नाही.

2000 नंतरची भर मात्र वेगळ्या दिशेची आहे. अणू-अणू वेगळा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याच्या पुंजक्यांभोवती मँगनीज, निकेल आणि सिलिकॉन दिसले, आणि पुढे तांबं जवळजवळ नसलेल्या पोलादातही जास्त फ्लुएन्सला तेच तीन मिळून पुंजके बनताना आढळले. तांबं संपल्यावर वाढ थांबते, हा 1988च्या सूत्राचा आधार या ठिकाणी सैल पडतो. जपानच्या गेंकाई केंद्रातल्या पहिल्या भट्टीच्या कॅप्सूलमध्ये 1993 साली संक्रमण तापमान 56 अंश होतं, 2009 मध्ये ते 98 निघालं, जपानी सूत्राच्या भाकितापेक्षा बरंच वर. कॅप्सूल भिंतीच्या पुढे असते, म्हणून भिंत त्या अवस्थेला पोहोचलेली नव्हती, असं केंद्राचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण चुकलं होतं ते सूत्र, भिंत नव्हे. ते सुधारावं लागलं. भट्टी 2015 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या मानकाचं सूत्र आलं, सुमारे 1,900 निष्कर्षांवर बसवलेलं, तापमान, निकेल, मँगनीज, फॉस्फरस सगळे धरून. तेही 1 एमईव्हीच्या वरच्या फ्लुएन्सवरच चालतं.

आता ऐंशी वर्षांच्या हिशेबात जास्त मार खाणाऱ्या भट्ट्यांत `f` 6 ते 10 च्या घरात जातो. तिथे 1988चं सूत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा देतं, हे नियामकाच्याच तज्ज्ञांनी लिहिलं आहे. पण मार्गदर्शिका बदललेली नाही, कारण जवळपास सगळ्या पात्रांना ती अजून पुरते. उच्च फ्लुएन्सचे नमुने थोडे आहेत. म्हणून चार्पीत मोडलेल्या नमुन्यांचे तुकडे नव्या टोकांना वेल्ड करून पुन्हा पूर्ण नमुने बनवायचे आणि नव्या कॅप्सूलमध्ये दुसरी फेरी मारायची, असाही मार्ग काढला गेला आहे.

दुसरी अडचण वर, गाभ्याच्या उंचीपलीकडे आहे. आधी फक्त गाभ्यासमोरचा पट्टा हिशेबात घेत. 1×10¹⁷च्या वरचं सगळं पोलाद विचारात घ्यायचं म्हटल्यावर नळ्यांच्या जोडणीचा भागही आत येतो. तिथे न्यूट्रॉन आतून पाणी ओलांडून येतात त्याहून जास्त भिंतीबाहेरच्या पोकळीतून वर चढून येतात. म्हणजे काही जागी भिंतीची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा जास्त मार खाते, आणि आतून बाहेर घटत जाणारं `e^(−0.24x)` तिथे उलटं पडतं. त्या न्यूट्रॉनांतले बरेचसे 1 एमईव्हीच्या खालचेही असतात. या भागासाठी प्रत्येक भट्टीत न्यूट्रॉन कुठून कसे येतात याचा वेगळा हिशेब करावा लागतो. त्यात डीपीए मोजायचं की फ्लुएन्स, हे अर्जदार आणि नियामक सध्या प्रकरणागणिक ठरवत आहेत.